एच-४ व्हिसावर अमेरिकेत आलात? पैसे, कागद आणि एकटेपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत साडेपाच वर्षं एच-४ वर काढली. त्याआधी पुण्यात सात वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी केली होती. खाली जे प्रश्न आहेत ते मंडळाच्या गणपतीत, स्वयंपाकघरात भांडी आवरताना, हळू आवाजात विचारले जातात. बहुतेक विचारणाऱ्या बायका असतात, म्हणून मी 'नवरा' असं लिहिलं आहे. बायकोच्या व्हिसावर आलेले नवरेही आता बरेच आहेत. त्यांनी शब्द उलटे करून वाचावेत, नियम तेच आहेत.

मला काम करायला परवानगी कधी मिळेल?

एच-४ हा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा. त्यावर राहता येतं, शिकता येतं, नोकरी करता येत नाही. २०१५ च्या मे महिन्यापासून यातल्या काही जणांना कामाचं परवानापत्र मिळू लागलं. त्याला सगळे ईएडी म्हणतात. अट साधारण अशी की नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतला आय-१४० हा अर्ज मंजूर झालेला हवा, किंवा त्या प्रक्रियेमुळे त्याचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढवलेला हवा.

म्हणजे तुमच्या नोकरीची तारीख तुमच्या पदवीवर ठरत नाही, ती नवऱ्याच्या कंपनीच्या फायलीवर ठरते. आय-१४० च्या आधी कामगार खात्याकडून 'पर्म' नावाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आधी पगाराचा दर ठरवून घ्यायचा, मग जाहिराती द्यायच्या, मग अर्ज. आजकाल या सगळ्यात दीड-दोन वर्षं सहज जातात, कधी जास्तही. आय-१४० चा निकाल मात्र जादा फी भरून पंधरा कामाच्या दिवसांत मागता येतो.

म्हणून 'ईएडी कधी?' याच्याही आधी घरात विचारायचा प्रश्न हा: 'तुझ्या कंपनीनं पर्म सुरू केलं का? नसेल तर कधी करणार, आणि हे तू मॅनेजरला विचारलंस का?' अनेक कंपन्या एक वर्ष झाल्याशिवाय सुरू करत नाहीत, आणि अनेक नवरे संकोचानं विचारतच नाहीत. माझ्या घरी हा संकोच चौदा महिने चालला. ते चौदा महिने माझ्या नोकरीतून गेले.

नवरा नोकरी बदलणार असेल तेव्हाही हे लक्षात ठेवा. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर जुन्या कंपनीनं तो मागे घेतला तरी ईएडीसाठी त्याचा आधार सहसा टिकतो. १८० दिवसांच्या आत मागे घेतला तर पाया निसटू शकतो. नोकरी बदलण्याची तारीख ठरवताना हा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ईएडी मिळालं की त्याच्या मुदतीकडे डोळ्यांत तेल घालून बघा. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला की जुनं कार्ड काही काळ आपोआप चालायचं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती सवलत राहिलेली नाही. कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर काम थांबवावं लागतं. अर्ज मुदतीच्या १८० दिवस आधीपासून करता येतो, आणि तो पहिल्याच दिवशी करावा.

माझा नवरा एल-१ वर आहे. हेच नियम मला लागू होतात?

नाही, तुमचं बरं आहे. नोव्हेंबर २०२१ पासून एल-१ वाल्यांच्या जोडीदारांना वेगळं परवानापत्र न काढता काम करता येतं. अमेरिकेत प्रवेशाची जी आय-९४ नोंद होते, तिच्यावर 'एल-२एस' लिहिलंय का एवढं तपासा. नुसतं 'एल-२' असेल तर आधी दुरुस्त करून घ्या.

पैसे मागताना मला भिकाऱ्यासारखं वाटतं. तो वाईट नाही, पण हे असं का होतं?

दोघांनी ठरवून न बसता व्यवस्था आपोआप तयार झालेली असते म्हणून. तो आधी आला, खातं त्यानं उघडलं, कार्ड त्याच्या नावावर. तुम्ही आलात तेव्हा त्यानं एक जादा कार्ड तुमच्या हातात दिलं आणि त्याला वाटलं विषय संपला.

मला एक दुपार अजून आठवते. भारतीय दुकानात ज्वारीचं पीठ आणि ओला नारळ घेतला, अकरा डॉलर आणि काही सेंट झाले. पिशवी उचलायच्या आत फोन वाजला: 'अगं, अकराचं काय घेतलंस?' त्याच्या फोनवर प्रत्येक खर्चाचा मेसेज यायचा आणि त्यानं सहज विचारलं होतं. त्या दिवसानंतर मी दुकानात गेले की आधी मनात उत्तर तयार करायचे आणि मग वस्तू उचलायचे. पुण्यात मी स्वतःच्या पगारातून आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं होतं, आणि इथे नारळाचा हिशोब पाठ करत होते.

आम्ही शेवटी जे केलं ते असं. हातात येणाऱ्या पगारातून भाडं, वीज, विमा, गाडी, किराणा आणि ठरलेली बचत आधी बाजूला. उरलेल्यातून दोघांना अगदी सारखी रक्कम, प्रत्येकाच्या वेगळ्या खात्यात, पगार झाला की आपोआप. आमची सुरुवात महिन्याला तीनशे-तीनशे डॉलरनं झाली. त्याचं काय केलं हे एकमेकांना विचारायचं नाही. रक्कम पन्नास असली तरी चालते. ती मागावी लागत नाही, तारखेला येते, आणि दोघांची सारखी असते, याने फरक पडतो. किराण्याच्या कार्डावरचे मेसेज दोघांच्या फोनवर लावा, नाहीतर दोघांचेही बंद करा.

हे बोलायचं तर भांडणाच्या रात्री नको. रविवारी सकाळी, चहा घेऊन, कागद-पेन समोर ठेवून बोला. 'तू मला पैसे देत नाहीस' असं म्हटलं की तो बचावात जातो. 'आपल्या घराचा पगार कसा वाटायचा ते ठरवू' म्हटलं की आकडे समोर येतात.

तो म्हणतो, 'कमावणारा मी एकटाच आहे.' यावर काय बोलू?

बोलू नका, टॅक्सचा हिशोब काढा. मला स्वतःला या हिशोबानं सगळ्यात जास्त बळ दिलं.

समजा नवऱ्याचा वर्षाचा पगार १,२०,००० डॉलर आहे आणि दुसरं उत्पन्न नाही. २०२५ च्या नियमांप्रमाणे त्यानं विवाहित असूनही वेगळं रिटर्न भरलं, तर १५,७५० डॉलरची सरसकट वजावट मिळते आणि केंद्राचा आयकर सुमारे १७,८७० डॉलर होतो. तुमच्यासह एकत्र भरलं तर वजावट ३१,५०० होते, शिवाय कमी दराचे टप्पे दुप्पट रुंद होतात. कर येतो सुमारे १०,१४० डॉलर. फरक ७,७०० च्या वर. महिन्याला साडेसहाशे डॉलरच्या आसपास, आणि ते फक्त तुमचं नाव त्या कागदावर आहे म्हणून घरात राहतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. एकत्र रिटर्नवर तुमची सही लागते, आणि त्यातल्या मजकुराची जबाबदारी तुमच्यावरही येते. त्यामुळे सही करण्याआधी पूर्ण रिटर्न वाचण्याचा तुम्हाला हक्क आहे. पगार किती, शेअर्स किती, व्याज किती, सगळं तिथे असतं. 'इथे सही कर' म्हणून शेवटचं पान पुढे केलं जात असेल, तर पहिल्या पानापासून मागा.

तुम्ही वर्षाच्या मध्येच अमेरिकेत आला असाल तर एकत्र भरण्यासाठी वेगळं निवेदन जोडावं लागतं, आणि त्या वर्षातला तुमचा भारतातला पगारही दाखवावा लागतो. पहिल्या वर्षी सीपीएकडे, म्हणजे टॅक्सच्या जाणकार हिशोबनिसाकडे जा, पण बैठकीला तुम्हीही बसा.

माझ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही. माझ्या नावावर काहीच होऊ शकत नाही का?

बरंच होतं. ईएडी नसताना तो नंबर सहसा मिळत नाही, हे खरं. पण टॅक्ससाठी आयटीआयएन नावाचा नऊ आकडी क्रमांक मिळतो. डब्ल्यू-७ हा फॉर्म भरून पहिल्या टॅक्स रिटर्नला जोडायचा. फॉर्मबरोबर पासपोर्ट लागतो आणि तो टपालानं पाठवला तर कित्येक आठवडे परत येत नाही. तसं करू नका. आयकर खात्याच्या मदत केंद्रात वेळ घेऊन गेलात तर ते पासपोर्ट समोर बघून लगेच परत देतात. फॉर्मवरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. लग्नानंतर आडनाव बदललं, पासपोर्ट जुनाच, यात आपल्याकडचे बरेच अर्ज अडकतात. आयटीआयएननं काम करायची परवानगी मिळत नाही, तो फक्त टॅक्सचा क्रमांक आहे.

बँकेत पासपोर्ट, व्हिसा आणि पत्त्याचा पुरावा घेऊन दोघं जा आणि संयुक्त खातं उघडा. एका शाखेनं नंबर मागून परत पाठवलं तर दुसऱ्या बँकेत जा. नियम बँकेप्रमाणे आणि कधी कधी समोरच्या माणसाप्रमाणे बदलतात. मला तिसऱ्या ठिकाणी मिळालं.

आता एक गोष्ट जी जवळजवळ कोणी सांगत नाही. घराचा भाडेकरार काढून बघा. त्यात तुमचं नाव 'टेनंट' म्हणून आहे की 'ऑक्युपंट' म्हणून? ऑक्युपंट म्हणजे फक्त राहणारी व्यक्ती, करारात पक्षकार नाही. करार नव्यानं होईल तेव्हा टेनंट म्हणून सही करा. तोच कागद पुढे वाचनालयाच्या कार्डाला, बँकेला आणि लायसन्सला पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. विजेचं किंवा इंटरनेटचं एक बिल तुमच्या नावावर करून घ्या.

गाडी शिकायची तर आहे, पण कागदांतच अडकले. काय करू?

भारतातून अजून निघाला नसाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. तो एक वर्ष चालतो. इथे तो किती दिवस मानतात हे राज्यावर आहे. इथलं लायसन्स काढताना काही राज्यं सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. तो नसेल तर सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जाऊन 'हिला नंबर मिळू शकत नाही' असं लेखी पत्र मागायचं. अर्ज नाकारल्याचं पत्र मुद्दाम मागायला जाणं विचित्र वाटतं, पण मोटार खात्याला तेच हवं असतं. लायसन्सची मुदत बहुतेक ठिकाणी तुमच्या आय-९४ च्या मुदतीपर्यंतच असते, त्यामुळे व्हिसा वाढला की लायसन्सही वाढवायचं विसरू नका.

शिकवायला नवरा नको. शिकवणीवाला लावा. पैसे जातात, संसार टिकतो.

सकाळी तो जातो आणि दुपार खायला उठते. मी दिवसभर कोणाशी बोलू?

पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात भारत साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे सकाळी नऊ ते अकरा आईशी बोलता येतं. दुपारी दोन वाजले की तिकडे मध्यरात्र झालेली असते. तिथून नवरा सहा-साडेसहाला येईपर्यंत, जानेवारीत बाहेर साडेचारपासूनच अंधार पडायला लागलेला असताना, एकही माणूस नसतो. 'दिवसभर फोनवर तर असतेस' म्हणणाऱ्याला हे चार तास दिसत नाहीत.

मंडळं आहेत, आणि चांगली आहेत. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ पासून चालू आहे, बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. पण मंडळ शनिवार-रविवारचं असतं आणि तिथे आपण जोडीनं जातो, 'अमक्याची मिसेस' म्हणून. आपला प्रश्न मंगळवारी दुपारी अडीचचा आहे.

त्यावर मला सापडलेलं उत्तर म्हणजे गावचं सार्वजनिक वाचनालय. कार्ड फुकट. बऱ्याच ठिकाणी इंग्रजी संभाषणाचे वर्ग असतात, विणकामाचे, पुस्तकांचे गट असतात, आणि ते नेमके कामाच्या दिवशी, दुपारी असतात. मी पहिले तीन आठवडे फक्त खिडकीपाशी बसून परत यायचे. चौथ्या आठवड्यात संभाषण वर्गात एक कोरियन बाई भेटली. तीसुद्धा नवऱ्याच्या व्हिसावर आली होती, सोलमध्ये फार्मासिस्ट होती. आम्हा दोघींचं इंग्रजी वेगवेगळ्या जागी अडखळायचं. दर मंगळवारी आम्ही वर्गानंतर पाऊण तास चालत घरी जायचो. पुढे किराण्याला, मग लायसन्सच्या परीक्षेला एकत्र गेलो.

स्वयंसेवा करता येते, पण ना-नफा संस्थेत आणि जे काम तिथे लोक एरवीही बिनपैशानं करतात तेच. मराठी शाळेत रविवारी शिकवणं यात बसतं. एखाद्याच्या धंद्यात 'अनुभवासाठी फुकट काम' बसत नाही.

पुण्याची जुनी कंपनी म्हणते, 'तिकडून ऑनलाइन काम कर, पगार इथल्या खात्यात देऊ.' चालेल?

यातून भलभलते सल्ले फिरतात. पगार रुपयांत आला तरी तुम्ही बसून काम अमेरिकेत करता, आणि एच-४ ला कामाची परवानगी नाही. इमिग्रेशनचे वकील सर्वसाधारणपणे याच्यापासून लांब राहायला सांगतात, आणि मीही तेच सांगीन. वर्षा-दोन वर्षांच्या पगारासाठी पुढचं ग्रीन कार्ड अडचणीत आणू नका. ठेवींचं व्याज, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, शेअर्सचा लाभांश हे काम नव्हे. ते घेता येतं, फक्त इथल्या टॅक्समध्ये दाखवायचं.

मग शिकू का?

एच-४ वर पूर्णवेळही शिकता येतं, त्यासाठी व्हिसा बदलावा लागत नाही. पण एक मेख आहे. शिक्षणानंतर कामाचा जो अनुभवकाळ विद्यार्थ्यांना मिळतो, ओपीटी, तो एफ-१ या विद्यार्थी व्हिसावाल्यांनाच मिळतो. त्यामुळे पदवीनंतर लगेच नोकरी हवी असेल तर एफ-१ चा विचार करा. आय-१४० जवळ आलेला असेल तर एच-४ वरच कम्युनिटी कॉलेजातले एक-दोन विषय घेणं स्वस्त पडतं. कमी फी मिळेल का, हे कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात विचारा. प्रत्येक राज्याचं उत्तर वेगळं आहे.

भारतातल्या माझ्या खात्याचं काय करायचं?

परदेशी राहायला आलात की साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घ्यावं लागतं. पण ते तुमच्या एकटीच्या नावावरच ठेवा. नेट बँकिंगचा पासवर्ड आणि ओटीपीचा फोन नंबर तुमच्याकडे असू द्या, दिराकडे किंवा सासऱ्यांकडे नको. इथे टॅक्ससाठी रहिवासी ठरलात आणि भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाची नोंद दरवर्षी करावी लागते. कर लागत नाही, फक्त माहिती द्यायची. विसरलं तर दंड मोठा असतो.

हे नेहमीचं 'घरची आठवण येणं' आहे की आजार?

दोन आठवडे बहुतेक दिवस झोप, भूक, आंघोळ यांचं गणित बिघडलं असेल, आवडीची गोष्टही नकोशी वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा. नवऱ्याच्या विम्यात तुम्हीही असता. विम्याच्या यादीतले समुपदेशक शोधा, मराठी किंवा हिंदी बोलणारे व्हिडिओवर मिळू शकतात, मात्र त्यांना तुमच्या राज्याचा परवाना असावा लागतो. भेटीचा तपशील सांगणारं पत्रक सहसा मूळ विमाधारकाच्या, म्हणजे नवऱ्याच्या नावानं येतं. ते त्याच्यापर्यंत जाण्यानं तुम्हाला धोका असेल तर विमा कंपनीला फोन करून वेगळ्या पत्त्यावर मागवता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर ९८८ वर कधीही फोन किंवा मेसेज करा. तिथे व्हिसा विचारत नाहीत.

पासपोर्ट तो कुलपात ठेवतो. भांडणात 'तुझा व्हिसा रद्द करतो' म्हणतो. खरंच करू शकतो का?

इथपर्यंतचं सगळं दोघांची नियत चांगली आहे असं धरून लिहिलं होतं. हा प्रश्न वेगळा आहे.

एका फोनवर तो तुमचा व्हिसा रद्द करू शकत नाही. मात्र तुमचा एच-४ लग्नावर आणि त्याच्या एच-१बी वर उभा आहे. घटस्फोट पूर्ण झाला की तो आधार संपतो. म्हणून घटस्फोटाची कोणतीही नोटीस, भारतातल्या कोर्टाची असली तरी, हातात आली की लगेच वकील गाठा. निकालाच्या आधी दुसऱ्या व्हिसासाठी अर्ज करायला वेळ मिळतो. 'आईला भेटून ये' म्हणून एकेरी तिकीट काढलं जात असेल तर जाण्याआधी विचार करा. तिकडे गेल्यावर परत यायला वैध व्हिसा आणि त्याचे कागद लागतात, आणि बायकांना असं सोडून दिल्याची प्रकरणं आपल्या ओळखीच्या घरांत घडली आहेत.

पासपोर्ट भारत सरकारनं तुम्हाला दिलेला आहे, तो तुमच्याकडे हवा. आजच त्याचे, व्हिसाचे, आय-९४ चे, लग्नाच्या दाखल्याचे, नवऱ्याच्या एच-१बी मंजुरीच्या कागदाचे आणि दागिन्यांचे फोटो काढा, आणि त्याला माहीत नसलेल्या ईमेलवर पाठवून ठेवा. आय-९४ संकेतस्थळावरून पासपोर्ट क्रमांक टाकून स्वतः उतरवता येतो.

मारहाण होत असेल किंवा मानसिक छळ टोकाचा असेल, तर एच-४ वरच्या जोडीदाराला आय-७६५व्ही या फॉर्मवर स्वतंत्रपणे कामाचं परवानापत्र मागता येतं. त्याला नवऱ्याची सही लागत नाही, आय-१४० ही लागत नाही. हा फॉर्म वकिलाच्या मदतीनंच भरा. दक्षिण आशियाई बायकांसाठी न्यू जर्सीत 'मानवी' १९८५ पासून, न्यूयॉर्कमध्ये 'सखी' १९८९ पासून आणि कॅलिफोर्नियात 'मैत्री' १९९१ पासून काम करतात. देशभरातून कुठूनही १-८००-७९९-७२३३ या घरगुती हिंसेच्या मदतवाहिनीवर फोन करता येतो, दुभाषी मागता येतो. फोन त्याच्या प्लॅनवर असेल तर केलेल्या फोनची नोंद त्याला दिसू शकते. वाचनालयातल्या माणसाला सांगा, 'एक फोन करायचा आहे.' माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं तिथूनच केला, आणि ग्रंथपाल बाईंनी दार लोटून घेऊन तिला त्यांच्या खोलीत बसू दिलं.